वॉर्डच्या सिस्टर निवृत्त होताना: चार मिनिटांचं भाषण कसं लिहावं, कसं बोलावं

महिन्याचा शेवटचा दिवस जवळ आला की आमच्याकडे कुणीतरी स्टाफ येऊन हळूच म्हणते, "सिस्टर, एकतीस तारखेला बाईंचं आहे. तुम्ही बोलाल ना?" मुंबईच्या महापालिका रुग्णालयात सिस्टरांचं निवृत्तीचं वय ५८ आहे आणि ज्या महिन्यात ते पूर्ण होतं त्या महिन्याची अखेर हाच शेवटचा दिवस. त्यामुळे तारीख कितीतरी आधी माहीत असते, पण भाषण सांगितलं जातं दोन दिवस आधी. ज्यांच्यावर हे पहिल्यांदाच आलं आहे त्यांच्यासाठी, विशेषतः नव्या स्टाफसाठी आणि हाऊसमन म्हणजे शिकाऊ निवासी डॉक्टरांसाठी, मी हे लिहिते आहे. मी स्वतः एकोणीस वर्षं परिचारिका आहे आणि अशी सात-आठ भाषणं केली आहेत.

त्यातलं पहिलं मला अजून टोचतं. एका निवृत्तीसाठी मी रात्री बसून छान शब्द जमवले होते: कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, हसतमुख, सेवाभावी. टाळ्याही पडल्या. नंतर बाईंच्या यजमानांनी मला विचारलं, "ती वॉर्डात नेमकं काय करायची हो? घरी कधी बोलली नाही." पस्तीस वर्षं ज्यांनी डबा भरलेला पाहिला त्यांना माझ्या भाषणातून काहीच कळलं नव्हतं. तेव्हापासून भाषण लिहिताना मी तो एकच प्रश्न समोर ठेवते. पुढे जे सांगते ते सगळं त्या प्रश्नाचं उत्तर मिळवण्यासाठी आहे.

माणसं गाठा, पण "कशा होत्या?" असं विचारू नका

किमान दोन आठवडे हातात ठेवा. कारण साधं आहे. ज्यांना खरं माहीत असतं त्यांपैकी कुणी नाईटला असतं, कुणाचा ऑफ असतो, कुणाची दुसऱ्या वॉर्डात बदली झालेली असते. दोन दिवसांत तुम्हाला फक्त समोर दिसणारी माणसं सापडतात, आणि ती बहुधा बाईंबरोबर दोन-तीन वर्षंच राहिलेली असतात.

मी पाच जणांना गाठते. वॉर्डातल्या सगळ्यात जुन्या मावशी. लिनन मोजून नेणारे मामा. बाईंच्या बरोबरीची, म्हणजे एकाच बॅचची किंवा एका होस्टेलमधली एखादी सिस्टर. एखादे डॉक्टर, जे हाऊसमन असताना या वॉर्डात होते. आणि बाईंच्या घरचं एक माणूस. लिननचे मामा का, असं विचारलं जातं. चादरी रोज मोजून देणाऱ्या-घेणाऱ्या माणसाशी सिस्टर कशी वागते हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, आणि त्याला आजवर कुणी विचारलेलंही नसतं.

प्रश्न मात्र नीट विचारा. "बाई कशा होत्या?" असं विचारलं की "फार चांगल्या होत्या" एवढंच उत्तर येतं, आणि ते भाषणात कामाचं नाही. त्याऐवजी हाताला लागेल असं काही विचारा. सकाळी वॉर्डात आल्यावर बाई सगळ्यात आधी कशाला हात लावायच्या? कशावरून चिडायच्या? त्यांची कुठली गोष्ट तुम्ही आता स्वतः करता? एखादी रात्र आठवते का? शेवटच्या प्रश्नानंतर गप्प बसा. मावशी थोडा वेळ "नाही ओ, काय आठवणार" म्हणतात आणि मग सुरू होतात.

जे ऐकाल ते लगेच चिठ्ठीवर टिपा, शक्यतो त्यांच्याच शब्दांत. मागच्या खेपेला मी ज्या बाईंसाठी बोलले त्यांच्याबद्दल माझ्याकडे एकवीस चिठ्ठ्या जमल्या. काही अशा होत्या, त्यांतली ओव्हर म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंट एकमेकींकडे सोपवणं: "ऑक्सिजन सिलिंडरची चावी बँडेजच्या पट्टीने सिलिंडरलाच बांधून ठेवायच्या, कुणी सोडली तर ओरडायच्या." "टेबलाशी बसून ओव्हर घेतली नाही कधी. कॉटपाशी चला म्हणायच्या." "लॅरिंगोस्कोपचा बल्ब रोज लावून बघायच्या." "सहा वाजले की रिकाम्या कॉटकडे जायच्या." ही शेवटची चिठ्ठी मामांची होती आणि मला ती आधी कळलीच नाही. वॉर्डात कॉट रिकामी कधी असते? मी परत जाऊन विचारलं. ते म्हणाले, "रिकामी म्हणजे, भेटायला कुणी आलेलं नाही अशी."

एकच सवय निवडा

इथे बहुतेकांची चूक होते. एकवीस चिठ्ठ्या आहेत म्हणून एकवीस गोष्टी सांगितल्या जातात. ऐकणाऱ्याच्या हाती त्यातलं काही उरत नाही, कारण प्रत्येक गोष्टीला एकच वाक्य मिळतं.

चिठ्ठ्या टेबलावर पसरा आणि वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या वर्षांतली, पण एकाच स्वभावाची अशी कुठली गोष्ट सांगितली आहे ते बघा. माझ्या बाबतीत तीन चिठ्ठ्या एकमेकींजवळ सरकल्या. मामांची रिकाम्या कॉटची. मावशींनी सांगितलेली २६ जुलै २००५ च्या पुराची. आणि एका तरुण स्टाफने सांगितलेली २०२० मधली, कोविड वॉर्डात नातेवाइकांना आत सोडत नसत तेव्हाची. तिन्हींत बाई एकच काम करत होत्या: ज्याच्याकडे घरचं कुणी पोचू शकलेलं नाही त्याच्याजवळ जाऊन उभं राहणं. त्यांनी स्वतः याला कधी नाव दिलं नव्हतं. पण भाषण तिथेच सापडलं.

बाकीच्या चिठ्ठ्या फेकायच्या नाहीत. एखादी, शक्यतो कडक स्वभावाची, भाषणात हवीच. जिने कधी कुणाला झापलं नाही अशी वॉर्ड सिस्टर कुणाला खरी वाटणार नाही, आणि समोर बसलेल्या अर्ध्या लोकांनी तिच्याकडून बोलणी खाल्लेली असतात. फक्त ज्याला झापलं त्याचं नाव घेऊ नका आणि तो प्रसंग कामाशी जोडलेला असू द्या. बदल्या, मेमो, ड्यूटी लिस्टवरची भांडणं, कुणाची बढती रखडली, हे कितीही खरं असलं तरी त्या दिवशी नको. बाईंना त्याच लोकांसमोर उत्तराचं भाषण करायचं असतं.

जे ऐकलं ते पडताळा

यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे कुणी करत नाही.

आठवणी वाढतात. मावशींनी मला सांगितलं की पुरात बाई तीन दिवस घरी गेल्या नाहीत. ऐकायला फार मोठं वाटतं, मीही तसंच लिहून टाकलं होतं. मग बाईंच्या बरोबरीच्या सिस्टरना फोन केला. त्या म्हणाल्या, "तीन दिवस नाही गं. मंगळवारी तिची दुपारची ड्यूटी होती. नाईटवाल्या पोचल्याच नाहीत. मी बुधवारी दुपारी चालत आले आणि तिला सोडलं." २६ जुलै २००५ ला मंगळवारच होता. पावसाने खरा जोर दुपारनंतर धरला आणि सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. दुपारच्या ड्यूटीवाल्या तोवर पोचलेल्या असणार आणि रात्रीच्या पोचू शकल्या नसणार, हे त्याच्याशी जुळतं. मी बुधवारची दुपार धरली. तीन दिवस दुसऱ्या कुणी काढले असतील आणि मावशींच्या आठवणीत दोन्ही एक झालं असेल.

जी आठवण लहान निघेल तीच घ्या. सभागृहात त्या दिवशी हजर असलेलं एक तरी माणूस बसलेलं असतं. त्याच्या मनात "असं नव्हतं" आलं की पुढचं खरंही त्याला पटत नाही. बाईंना तर ते सगळ्यात जास्त टोचतं, कारण न केलेल्या कामाचं श्रेय घेऊन त्यांना हसत बसावं लागतं. इतकी जुनी ड्यूटी लिस्ट वॉर्डात मिळत नाही. म्हणून दोघांना वेगवेगळं विचारायचं, आणि दोघांचं जुळलं नाही तर तारीख सोडून प्रसंग तेवढा ठेवायचा.

नोकरीचे तपशील मेट्रन ऑफिसमधून घ्या. कुठल्या साली रुजू झाल्या, परिसेविका म्हणजे वॉर्डच्या इन्चार्ज कधी झाल्या, या वॉर्डात कधी आल्या. "पस्तीस वर्षं या वॉर्डात" असं सरसकट बोललं जातं, पण सिस्टरांच्या बदल्या वॉर्डावॉर्डांत होत असतात. आमच्या बाई १९९० मध्ये रुजू झाल्या होत्या. पुराच्या वेळी त्या इन्चार्ज नव्हत्या, स्टाफ होत्या. हे कळल्यावर मला प्रसंग वेगळा दिसला. त्या दिवशी त्यांनी जे केलं ते कुणाला सांगून करून घेतलेलं नव्हतं, स्वतः फिरून केलेलं होतं.

पेशंटबद्दल एक पक्का नियम ठेवा. नाव नाही, आजार नाही, कॉट नंबर नाही, ओळख पटेल असं काहीच नाही. "एक आजोबा" एवढं पुरतं. वीस वर्षं झाली म्हणून हा नियम सैल होत नाही.

घरच्या माणसाला फोन करताना मोकळेपणाने सांगा की भाषणासाठी विचारते आहे, आणि यातलं काय बोलू, काय नको, हेही विचारा. बाईंच्या मुलीने मला सांगितलं की पुराच्या दिवशी ती नऊ वर्षांची होती, शाळेतून मैत्रिणीच्या घरी गेली आणि रात्रभर तिथेच राहिली. "मला वाटायचं आईला माहीत आहे मी कुठे आहे. तिला दुसऱ्या दिवशी कळलं हे मला मोठी झाल्यावर समजलं." मी विचारलं, हे बोलू का? ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "बोला. पण एकच वाक्य." मी एकच वाक्य बोलले.

आता लिहा, पण तोंडाने

आपल्याकडे मिनिटाला साधारण शंभर-एकशेदहा शब्द बोलले जातात. समारंभात थोडे कमीच, कारण आपण थांबतो. म्हणजे चार मिनिटांसाठी चारशेच्या आसपास शब्द, हाताने लिहिले तर दोन पानं. चारपेक्षा जास्त मिनिटं घेऊ नका. प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, साडी, पुष्पगुच्छ, सरांचं, मेट्रनचं, मग तुमचं, मग सत्कारमूर्तींचं मनोगत, आभार, आणि बाहेर समोसे थंड होत असतात. शिवाय निम्मे लोक ड्यूटीवरचे असतात.

मुख्य प्रसंग पहिल्या दोन मिनिटांतच आणा. तिसऱ्या मिनिटाला हाऊसमनचा फोन वाजतो, दोघं-तिघं उठून पळतात, दार वाजतं, सगळ्यांची मान वळते. हे रुग्णालय आहे, असं होणारच. तोवर प्रसंग सांगून झालेला असला तर भाषण तरतं.

"व्यासपीठावरील मान्यवर" ही यादी सूत्रसंचालकाकडे सोडा. तो आधीच सगळ्यांची नावं घेतो. तुम्ही परत घेतलीत की एखादं नाव सुटतं आणि ते माणूस दुखावतं. फ्लोरेन्स नाइटिंगेलचा दिवाही नको. १२ मे ला, परिचारिका दिनी, आपण तो लावतोच. निवृत्तीच्या दिवशी समोर बसलेली बाई एकटीच पुरेशी आहे.

लिहिताना प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणून बघा. मी आधी लिहिलं होतं: "आपल्या प्रदीर्घ सेवाकाळात बाईंनी एकाकी रुग्णांना सदैव मायेचा आधार दिला." हे मी म्हणायला गेले आणि जीभ अडखळली, कारण असं मी कुणाशीच बोलत नाही. मग स्वतःला विचारलं, हेच मी नाईटला चहा पिताना बरोबरच्या स्टाफला कसं सांगेन? तेव्हा आलं: "ज्याला भेटायला कुणी आलं नसेल ना, त्याच्याकडे बाई सहा वाजता जायच्या. चादर नीट करायचं निमित्त करून." दुसरं वाक्य खरं वाटतं कारण त्यात वेळ आहे, चादर आहे, निमित्त आहे. "सदैव", "अविरत", "अमूल्य योगदान", "उणीव भासेल" हे शब्द आले की तिथे चिठ्ठ्यांतली एखादी वस्तू घाला.

मी शेवटी जे बोलले ते जसंच्या तसं खाली देते. पाठ करण्यासाठी नाही. कुठला तपशील कुठे बसला ते बघण्यासाठी.

"नमस्कार. आपल्या वॉर्डात भेटीची वेळ चार ते सहा. सहा वाजले की घंटा होते, नातेवाईक निघतात, मावशी झाडायला घेतात. आणि बाई उठतात. गेली कित्येक वर्षं मी हे बघते आहे, पण त्या कुठे जातात हे मला या महिन्यात कळलं. आपल्या लिननच्या मामांनी सांगितलं. ज्या कॉटवर कुणी भेटायला आलेलं नसतं, तिथे जातात. चादर नीट करतात. उशी उलटी करतात. दोन शब्द बोलतात आणि पुढच्या कॉटवर.

२६ जुलै २००५. बाई तेव्हा इन्चार्ज नव्हत्या, स्टाफ होत्या. दुपारची ड्यूटी होती. चार वाजले, पाच वाजले, भेटायला कुणी येईना. लोकल बंद, रस्ते बंद, फोन लागत नाहीत. पुरुषांचा वॉर्ड, सगळे दाराकडे बघत बसलेले. मावशी सांगतात, एक आजोबा रडायला लागले, म्हणाले मुलाने टाकलं मला. तेव्हा बाई पहिल्या कॉटपासून निघाल्या. प्रत्येक कॉटपाशी थांबल्या आणि प्रत्येकाला एकच सांगितलं. 'गाड्या बंद आहेत. घरचे विसरलेले नाहीत.' शेवटच्या कॉटपर्यंत. रात्री परत एकदा, पहिल्या कॉटपासून.

नाईट स्टाफ पोचला नाही. बाई बुधवारी दुपारी घरी गेल्या. स्वतःची नऊ वर्षांची मुलगी रात्रभर कुठे आहे, हे त्यांना तेव्हा कळलं.

पंधरा वर्षांनी कोविड आला. नातेवाईक गेटच्या बाहेर. तेव्हा बाईंनी एक वही केली होती. घरून फोन आला की निरोप वहीत लिहायचा आणि ओव्हर देताना औषधांबरोबर निरोपही द्यायचा. अमक्याची नात पास झाली. तमक्याच्या बायकोने सांगितलंय, जेवा. एकदा एका स्टाफने घाईत निरोप सोडून ओव्हर दिली. बाई म्हणाल्या, 'ओव्हर अर्धी आहे. परत जा.' आणि तिला परत पहिल्या कॉटपासून नेलं. ती स्टाफ आज इथे बसली आहे. तिनेच मला हे सांगितलं.

टेबलाशी बसून ओव्हर घेतलेली बाईंना कधी चालली नाही. आम्ही कुरकुर केली. पाय दुखतात म्हणालो. आता कळतं, कॉटपाशी गेल्याशिवाय कळत नाही की कुणाचा डबा आला नाही.

बाई, एक सांगते. गेल्या सोमवारी तुम्ही मेट्रन ऑफिसला गेला होतात. सहा वाजले. मी बघितलं, एका कोपऱ्यातल्या कॉटवर कुणी आलं नव्हतं. मी उठायच्या आत आपली नवी स्टाफ, जिला येऊन दोन महिने झाले, ती तिकडे गेली. तिने चादर नीट केली. तिला कुणी सांगितलं नव्हतं."

एवढंच. यात बाईंना लावलेलं एकही विशेषण नाही हे माझ्या नंतर लक्षात आलं. "बाई प्रेमळ होत्या" असं मी म्हटलं नाही, म्हणायची गरज पडली नाही. पहिल्या पाच परिच्छेदांत मी लोकांशी बोलते आहे आणि बाईंचा उल्लेख "त्या" असा आहे. "बाई, तुम्ही" असं फक्त शेवटी, एकदा. सुरुवातीपासून "तुम्ही हे केलंत, तुम्ही ते केलंत" म्हणत गेलं की समोरचं माणूस अवघडून बसतं आणि बाकीचे परके होतात. वळणं एकदाच ठेवलं तर त्याला वजन येतं.

शेवट "उर्वरित आयुष्य सुखासमाधानाचं जावो" असा केला नाही. ते मेट्रन बोलतात, आभार मानणारा बोलतो, केकवरही लिहिलेलं असतं. तुमचा शेवट वॉर्डातल्या एखाद्या खऱ्या, अलीकडच्या गोष्टीवर करा. ती सापडण्यासाठी मी शेवटचे दोन आठवडे डोळे उघडे ठेवले होते. सोमवारची गोष्ट घडली नसती तर मी वहीपाशीच थांबले असते. घडवून लिहिली नसती.

पाठ करू नका, पूर्ण वाचूही नका

पाठ केलेलं भाषण ओळखू येतं. डोळे वर छताकडे जातात आणि आवाज एका पट्टीत येतो. पूर्ण वाचलेलंही ओळखू येतं, कारण मान खालीच राहते. मी मधला मार्ग काढते. पहिलं वाक्य, शेवटचा परिच्छेद आणि दुसऱ्याच्या तोंडचे शब्द एवढं अक्षरशः लिहून ठेवते. "गाड्या बंद आहेत. घरचे विसरलेले नाहीत" यात एक शब्दही इकडचा तिकडे व्हायला नको. बाकी फक्त खुणा: चार ते सहा, मामा, चादर, पूर, आजोबा, बुधवार, मुलगी, वही, अर्धी ओव्हर, सोमवार. या दहा शब्दांवर भाषण उभं राहतं, आणि मधली वाक्यं त्या क्षणी जुळतात म्हणून ती बोललेली वाटतात. कागद फोनवर ठेवू नका. स्क्रीन बंद पडते, मधेच फोन येतो.

उभं राहून तीनदा बोला. एकदा तरी अशा माणसासमोर, ज्याने बाईंना पाहिलेलं नाही. मी माझ्या जावेसमोर बोलले. तिने विचारलं, "ओव्हर म्हणजे?" घरची मंडळी समोर असणार होती, म्हणून मी भाषणात त्याआधी हाताने खूण करून सांगितलं की ड्यूटी बदलताना पेशंट एकमेकींकडे सोपवतात ते. आपल्या तोंडात बसलेले असे दोन-तीन शब्द असतातच, तेवढे शोधा.

तालमीत आवाज कुठे भरून येतो तेही कळतं. माझा "मुलगी" या शब्दावर यायचा, तिन्ही वेळा. म्हणून तिथलं वाक्य आखूड केलं आणि पुढचा परिच्छेद "पंधरा वर्षांनी कोविड आला" असा कोरडा, सरळ ठेवला. रडू आलं तर थांबा, कागदाकडे बघा, पुढची खूण वाचा. "माफ करा" म्हणू नका. लोक वाट बघतात. माईक हनुवटीपाशी धरा, तोंडासमोर नको.

समारंभ शक्यतो दुपारी, दोन्ही ड्यूट्या वॉर्डात असतात त्या वेळेच्या आसपास ठेवायला सांगा. सकाळच्या स्टाफला थांबता येतं, दुपारच्यांना आधी येता येतं. तरीही दोघी-तिघी आणि एक मावशी वॉर्डातच राहतात. त्यांना बाईंचं भाषण चुकतं, तुमचं चुकतं, फक्त बशीतला समोसा मिळतो. बहुतेक वेळा याच त्या असतात, ज्यांनी तुम्हाला चिठ्ठ्या दिलेल्या असतात.

म्हणून कागद खिशात ठेवा आणि हार-तुरे आटोपले की वॉर्डात जा. बाई तेव्हा किल्ल्या द्यायला, कपाट दाखवायला तिथे आलेल्या असतात. नर्सिंग स्टेशनपाशी उभं राहून त्या तिघींना तेच पुन्हा सांगा. तिथे माईक नसतो आणि आवाजही कमीच ठेवा. जेवून पेशंट नुकते झोपलेले असतात.